यंत्रलिखित मराठी कॅप्शनांचे संशोधन : विशेषनामे, इंग्रजी शब्द आणि बोली

ध्वनिमुद्रित भाषण ऐकून त्याचे शब्द आपोआप लिहून काढणारी यंत्रणा मराठीसाठीही आता उपलब्ध झाली आहे. चित्रफितीखाली उमटणाऱ्या ह्या ओळींना व्यवहारात ‘कॅप्शन’ म्हणतात. व्याख्यान, मुलाखत किंवा क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रण ह्यांचे प्रथम लेखन ह्या यंत्रणेकडून करून घ्यावे व मग ते तपासून शुद्ध करावे, अशी पद्धत अनेक अभ्यासकांनी स्वीकारली आहे. ह्या तपासणीत तीन ठिकाणी विशेष अडचण येते. विशेषनामे, मराठीत आलेले इंग्रजी शब्द आणि बोलीतील रूपे ही ती तीन ठिकाणे होत. ह्या तिन्ही दोषांना सामान्यतः ‘चुका’ ह्या एकाच नावाने संबोधले जाते आणि एकाच वाचनात त्या दुरुस्त करण्याचा प्रयत्न होतो. वस्तुतः तिन्हींची कारणे भिन्न आहेत, आणि दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे ठरविणारा साक्षीदारही प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. प्रस्तुत लेखात हा भेद एका नमुन्याच्या आधारे स्पष्ट करावयाचा आहे.

१. दोषांचे मूळ

यंत्राला शब्द ऐकू येत नाहीत. त्याला ध्वनीच्या लहरींतील शक्तीचे मोजमाप मिळते. ध्वनीचे सुमारे २५ सहस्रांश सेकंदांचे तुकडे घेऊन त्यांत कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे, हे प्रथम नोंदले जाते. त्यावरून कोणती अक्षरे असावीत ह्याचा अंदाज यंत्र बांधते. परंतु हा अंदाज केवळ ध्वनीवर अवलंबून नसतो. आधी लिहिल्या गेलेल्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे, ह्याचाही विचार त्यात मिसळलेला असतो. ही संभवनीयता यंत्र ज्या मजकुरावर घडविले गेले त्या मजकुरातून येते.

हा मजकूर कोणता, हे पाहिले म्हणजे दोषांची दिशा समजते. ओपनएआय ह्या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेली ‘व्हिस्पर’ ही यंत्रणा सुमारे ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर घडविलेली आहे. पण त्यातील फार मोठा भाग इंग्रजीचा आहे. भारतीय भाषांसाठी चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘एआय फॉर भारत’ ह्या गटाने २०२२ साली ‘श्रुतलिपी’ नावाचा जो संग्रह तयार केला, तो आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून काढलेला असून त्यात मराठीचाही समावेश आहे. बातमीपत्राची भाषा लेखी संहितेवरून वाचलेली, प्रमाण उच्चाराची आणि घडीव वाक्यांची असते. अशा सामग्रीवर वाढलेल्या यंत्राला ‘मला’ हे रूप असंख्य वेळा भेटलेले असते आणि ‘मले’ क्वचितच. म्हणून ध्वनी संदिग्ध असला की यंत्राचा कल परिचिताकडे झुकतो. अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द बसविणे हा त्याचा स्वभाव होय.

ह्यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. हाताने लिहिणाऱ्याच्या चुका बहुधा डोळ्यांना खटकतात, कारण त्यांतून अशुद्ध शब्द तयार होतात. यंत्राच्या चुका पुष्कळदा शुद्ध मराठी शब्दांच्या वेषात येतात. तेव्हा केवळ वाचून त्या सापडतील ही अपेक्षाच चुकीची ठरते.

२. एक नमुना

पुढील वाक्ये विवेचनासाठी रचलेली आहेत. मात्र त्यांतील प्रत्येक दोष अशा लेखनात प्रत्यक्ष आढळणाऱ्या दोषांच्या जातीचा आहे. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातला एक कापूस-उत्पादक शेतकरी पीकविम्याविषयी सांगत आहे, अशी कल्पना करावी. त्याचे बोलणे असे :

‘मंग मी तेल्हाऱ्याले गेलो अन् क्लेमचा फारम भरला. पऱ्हाटी पुरी कायी पडली होती, पन सायेब म्हने, मुदत सरली.’

यंत्राने लिहिलेले असे :

‘मग मी तेल आर्याला गेलो आणि कलमचा फार्म भरला पराठी पुरी काय पडली होती पण साहेब म्हणे मुदत सरली’

घाईने वाचणाऱ्याला दुसऱ्या लेखनातून काहीसा अर्थ लागतो, आणि धोका नेमका तेथेच आहे. ‘कलम’ आणि ‘फार्म’ हे दोन्ही शब्द शेतीच्या संदर्भात शोभणारे आहेत. कलमे लावण्याच्या एखाद्या शेताविषयी हा गृहस्थ बोलत असावा असा समज होऊ शकतो. विम्याची मागणी, तिचा अर्ज आणि ती फेटाळली जाणे हा निवेदनाचा सारा गाभा त्यातून नाहीसा होतो.

३. विशेषनामे : साक्ष कागदपत्रांची

‘तेल्हाऱ्याले’ ह्या एका शब्दाचे यंत्राने दोन शब्द केले. ह्याचे कारण असे की, यंत्र शब्द अखंड साठवीत नाही. अक्षरांचे लहान तुकडे जोडून ते शब्द तयार करते. जे नाव त्याला पूर्वी भेटलेले नाही, त्याच्या ध्वनीशी जुळणारे परिचित तुकडे ते शोधते. ‘तेल’ हा असाच एक तुकडा आहे.

मराठीत ह्या अडचणीत आणखी एक भर पडते. विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘तेल्हारा’ हे मूळ नाव वाक्यात ‘तेल्हाऱ्याला’, ‘तेल्हाऱ्यात’, ‘तेल्हाऱ्याहून’ अशा रूपांनी येते, आणि ‘तेल्हारा’ ही अक्षरे जशीच्या तशी क्वचितच आढळतात. म्हणून गावांच्या नावांची यादी हाती घेऊन कॅप्शनांत शोध करणाऱ्यास बहुतेक ठिकाणी काहीच सापडत नाही. ह्यावर उपाय म्हणजे यादीत मूळ नावाबरोबर त्याचे सामान्यरूपही नोंदवावे, आणि शोध पूर्ण नावाचा न घेता नाव फुटल्यास उरतील अशा तुकड्यांचा घ्यावा. उदाहरणार्थ :

```
grep -nE 'तेल|आर्या|हाऱ्या' mulakhat.raw.srt
```

ह्या आज्ञेने ज्या ओळी हाती येतील त्यांत खऱ्या ‘तेला’च्याही ओळी असतील. त्या प्रत्येक ओळीचा ध्वनी ऐकूनच निर्णय करावा लागतो. सर्वत्र एकदम बदल करण्याचा मोह येथे टाळलाच पाहिजे. शिवाय नावाचा पूर्वार्ध एका कॅप्शनच्या शेवटी आणि उत्तरार्ध पुढच्याच्या आरंभी पडलेला असणेही शक्य असते. अशा वेळी पूर्ण नावाचा शोध निष्फळ होतो, तुकड्यांचा शोध मात्र उपयोगी पडतो.

नाव कसे लिहावे हे ध्वनी पूर्णपणे सांगू शकत नाही. दूरध्वनीवरील जुन्या पद्धतीच्या मुद्रणात ४,००० कंपनांच्या वरचा भाग गाळला जातो, आणि ‘स’ व ‘श’ ह्यांतील भेद बव्हंशी त्याच प्रदेशाच्या आसपास असतो. मराठी लिपीत ‘च’ आणि ‘ज’ ह्यांच्या दोन-दोन उच्चारांना एकच अक्षर आहे. म्हणून गावाच्या नावासाठी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतील ग्रामसूची, आणि व्यक्तीच्या नावासाठी तिने स्वतः केलेले लेखन, हीच अखेरची साक्ष मानावी. मुलाखतीच्या वेळीच उल्लेखिलेली नावे निवेदकाकडून कागदावर लिहून घेतल्यास पुढील कष्ट पुष्कळ वाचतात.

नावांची यादी यंत्राला आधीच द्यावी, असा मार्ग सुचविला जातो आणि तो काही अंशी उपयुक्त आहे. तथापि त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. ‘व्हिस्पर’ला द्यावयाच्या पूर्वसूचनेत सुमारे २२४ तुकड्यांपेक्षा अधिक मजकूर जमेस धरला जात नाही, आणि देवनागरीतील शब्दाला इंग्रजी शब्दापेक्षा अधिक तुकडे लागतात. परिणामी अशा सूचनेत मोजकीच नावे मावतात. शिवाय हे यंत्र ध्वनीचे ३० सेकंदांचे खंड एकामागून एक हाताळते, आणि सूचनेचा प्रत्यक्ष प्रभाव मूळ रचनेत पहिल्या खंडावरच पडतो. पुढील खंडांना आधार असतो तो यंत्राने स्वतः लिहिलेल्या मागील मजकुराचा. पहिल्या खंडात नाव चुकले तर तीच चूक पुढे वाहत जाते.

नावांच्या संदर्भात लिपीच्या संकेतांकांचाही एक दोष ध्यानात ठेवावा. ‘ऱ्ह’ ह्यातील अर्धा र दोन प्रकारे नोंदता येतो. एका प्रकारात U+0931 हे चिन्ह असते, तर दुसऱ्यात U+0930 नंतर हलन्त व U+200D हे अदृश्य चिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधात मात्र ते भिन्न शब्द ठरतात. ‘ॲ’ ह्या अक्षराचेही तसेच आहे : U+0972 हे एकच चिन्ह, किंवा ‘अ’ला U+0945 जोडून केलेले चिन्ह. संशोधनास आरंभ करण्यापूर्वी सर्व मजकूर कोणत्या तरी एकाच पद्धतीत आणून ठेवणे आवश्यक आहे.

४. इंग्रजी शब्द : साक्ष अर्थाची

मराठीतील इंग्रजी शब्दांविषयी अडचण वेगळ्या जातीची आहे. ‘क्लेम’ आणि ‘फॉर्म’ हे शब्द यंत्राला अपरिचित नाहीत. परंतु यंत्राला ते ज्या उच्चारात परिचित आहेत, त्या उच्चारात निवेदक ते बोलत नाही. ‘क्ल’ हे जोडाक्षर सुटे करून ‘कलेम’ असे म्हणणे, किंवा ‘फॉर्म’मधील स्वर लांबवून व ‘र्म’ फोडून ‘फारम’ करणे, ही मराठीची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. इंग्रजी शब्द मराठी ध्वनिव्यवस्थेत बसविताना ती सर्वत्र दिसते. ‘कलेम’ऐवजी ‘कलम’ आणि ‘फारम’ऐवजी ‘फार्म’ लिहून यंत्र जवळचा परिचित शब्द निवडते.

येथे कागदपत्रे साक्ष देऊ शकत नाहीत, कारण ‘कलम’ व ‘फार्म’ हे दोन्ही शब्द कोशात आहेत. केवळ ध्वनीही पुरेसा नाही, कारण ‘फारम’ हा उच्चार ‘फॉर्म’ आणि ‘फार्म’ ह्या दोन्ही शब्दांना जवळचा आहे. निर्णय करावा लागतो तो विषयाच्या ज्ञानाने. ‘भरला’ ह्या क्रियापदाचे कर्म ‘अर्ज’ होऊ शकते, ‘शेत’ होऊ शकत नाही. कपाशीची कलमे कोणी लावीत नाही. तसेच ‘मुदत सरली’ हे पुढील वाक्य अर्जाशीच जुळते. अशा तीन स्वतंत्र खुणा एकत्र आल्या म्हणजे ‘क्लेमचा फारम’ हे वाचन निश्चित मानता येते. ह्यावरून असेही दिसते की, इंग्रजी शब्दांचे संशोधन त्या विषयाची परिभाषा जाणणाऱ्यानेच करणे इष्ट आहे. पीकविम्याची मुलाखत असेल तर विमा आणि शेती ह्या दोन्हींचा परिचय हवा.

अर्थ निश्चित झाल्यावर लेखनाचा प्रश्न उरतो. ‘रिपोर्ट’ की ‘रीपोर्ट’, ‘इन्शुरन्स’ की ‘इन्श्युरन्स’ अशा जागी यंत्र एकाच मुलाखतीत दोन्ही रूपे लिहिते. ह्यांत ऐकण्याची चूक नाही. लेखनसंकेत एक नाही, इतकेच. अशा शब्दांची एक छोटी सूची प्रकल्पाच्या आरंभीच ठरवावी आणि पुढे तिच्यात बदल करू नये. चुकांची मोजणी करताना ही पर्यायी रूपे चुकांत धरल्यास यंत्राविषयी व भाषेविषयी दोन्हीकडे चुकीचे निष्कर्ष निघतात.

५. बोली : साक्ष केवळ कानांची

तिसरा प्रकार सर्वांत नाजूक आहे. नमुन्यातील ‘मंग’, ‘अन्’, ‘पन’, ‘सायेब’, ‘म्हने’ ह्यांच्या जागी यंत्राने ‘मग’, ‘आणि’, ‘पण’, ‘साहेब’, ‘म्हणे’ लिहिले. शुद्धलेखनाच्या दृष्टीने त्यांत एकही दोष नाही. वाचणाऱ्याला येथे काही घडले आहे ह्याची जाणीवही होत नाही. जे बोलले गेले ते मात्र लिहिले गेले नाही.

वऱ्हाडीची काही लक्षणे जाणणाऱ्याला ह्या जागा ओळखता येतात. चतुर्थीचा ‘ले’ प्रत्यय (मले, तुले), ‘ण’च्या जागी ‘न’, आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ ही ती लक्षणे होत. ग्रिअर्सन ह्यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीचे नमुने दिलेले आहेत. त्यांतील ‘ळ’विषयक लक्षणाने नमुन्यातील ‘काय पडली होती’ ह्या विचित्र शब्दरचनेचाही उलगडा होतो. ‘काळी’चे वऱ्हाडी रूप ‘कायी’; यंत्राने त्याला ‘काय’ मानले. अर्थ बिघडल्यामुळे ही चूक निदान खटकते. ‘शाया’च्या जागी यंत्र ‘शाळा’ लिहील, तेव्हा काहीच खटकणार नाही. ‘पऱ्हाटी’चे ‘पराठी’ हे मात्र निराळे आहे. तेथे कपाशीसाठी असलेला स्थानिक शब्दच यंत्राला ठाऊक नाही. म्हणून तो दोष नामांच्या वर्गात घालावा आणि शेतीच्या शब्दांची सूची पाहून सुधारावा.

प्रमाणरूपे आल्याने अर्थाला बाध येत नाही, असे म्हटले जाते. ते सर्वत्र खरे नाही. ‘सायेब म्हने’ ह्यात अधिकाऱ्याने निवेदकाच्या तोंडावर जे सांगितले त्याचे कथन आहे. प्रमाण मराठीत ‘म्हणे’ हे अव्यय ऐकीव गोष्टीचेही सूचक आहे : ‘मुदत सरली म्हणे.’ वाचकाने तो अर्थ घेतला तर प्रत्यक्ष सांगितलेली गोष्ट अफवा होऊन बसते. एखाद्या तक्रारीच्या वा चौकशीच्या नोंदीत हा भेद निर्णायक ठरू शकतो.

बोलीच्या संशोधनासाठी पुढील क्रम पाळावा. आधी कॅप्शन झाकून केवळ ध्वनी ऐकावा व ऐकलेले लिहावे. मगच यंत्राच्या लेखनाशी ताडून पाहावे. डोळ्यांसमोर ‘मला’ असेल तर कानालाही ‘मला’च ऐकू येण्याचा संभव असतो. ध्वनी किंचित मंद करून, म्हणजे तीन-चतुर्थांश गतीने, संशयित जागा पुन्हा ऐकावी. मुद्रणातील पाच मिनिटांचा एखादा भाग दुसऱ्या, शक्यतो तीच बोली बोलणाऱ्या, व्यक्तीकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यावा. दोघांच्या लेखनात फरक पडलेल्या जागा हीच खऱ्या संदिग्धतेची ठिकाणे असतात.

संशोधकाकडूनही ह्याच्या उलट दोष घडू शकतो. निवेदक वऱ्हाडी आहे हे कळल्यावर सर्वत्र ‘मले’, ‘पन’, ‘मंग’ घालीत जाण्याची प्रवृत्ती होते. प्रत्यक्षात तोच मनुष्य मुलाखतकाराशी बोलताना ‘मला’ म्हणतो आणि घरच्यांचा संवाद सांगताना ‘मले’ म्हणतो. ही अदलाबदल म्हणजे भाषाभ्यासाची सामग्रीच आहे. ती एकसारखी करून टाकणारा संशोधक यंत्राचीच चूक दुसऱ्या दिशेने करतो.

६. मोजमाप आणि जतन

यंत्राच्या अचूकतेचे नेहमीचे माप म्हणजे शब्ददोषांचे प्रमाण. बदललेले, गळलेले आणि जास्तीचे शब्द मोजून त्यांच्या बेरजेस मूळ शब्दसंख्येने भागतात. नमुन्यात मूळ शब्द १८ आहेत. निवेदकाच्या उच्चाराबरहुकूम केलेले लेखन प्रमाण धरल्यास दोष असे : ‘तेल्हाऱ्याले’बद्दल एक बदल व एक जास्तीचा शब्द, ‘क्लेमचा’, ‘फारम’, ‘पऱ्हाटी’, ‘कायी’ हे चार बदल, आणि बोलीरूपांचे पाच बदल. एकूण ११ दोष, म्हणजे सुमारे ६१ टक्के. परंतु निवेदन प्रमाण मराठीत लिहावयाचे असे आधी ठरविले, तर शेवटचे पाच दोष उरतच नाहीत. दोष सहा होतात आणि प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर येते.

यंत्र तेच, ध्वनी तोच, लेखनही तेच. तरी माप जवळजवळ निम्मे झाले. म्हणून लेखनसंकेत न सांगता दिलेला दोषांचा आकडा निरर्थक असतो. तसेच ह्या मापात ‘पन’चे ‘पण’ होणे आणि ‘क्लेमचा’चे ‘कलमचा’ होणे ह्यांचे वजन सारखेच धरले जाते. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून लिहिले जात असल्याने एकट्या प्रत्ययाच्या फरकानेही पूर्ण शब्द चुकीचा ठरतो. ही उणीव भरून काढण्यासाठी दोषांची गणना तिन्ही वर्गांत वेगवेगळी द्यावी.

कॅप्शन कोणासाठी, ह्या प्रश्नाचे उत्तर एकच नसते. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला ओळ पडद्यावर असेपर्यंत वाचून व्हावी लागते, आणि अपरिचित बोलीरूपांनी त्याचे वाचन मंदावू शकते. तर भाषाभ्यासकाला ती रूपेच हवी असतात. ह्यासाठी एकाच मुद्रणाच्या तीन प्रती ठेवाव्यात : यंत्राने लिहिलेली `mulakhat.raw.srt`, उच्चारानुसार सुधारलेली `mulakhat.boli.srt`, आणि तिच्यावरून केलेली `mulakhat.praman.srt`. हा क्रम उलटा करता येत नाही. बोलीच्या प्रतीवरून प्रमाण प्रत केव्हाही तयार होते. प्रमाण प्रतीवरून बोली परत मिळविता येत नाही. नमुन्याची दुसरी प्रत अशी होईल :

```
41
00:07:12,300 --> 00:07:15,900
मंग मी तेल्हाऱ्याले गेलो
अन् क्लेमचा फारम भरला.

42
00:07:15,900 --> 00:07:20,400
पऱ्हाटी पुरी कायी पडली होती,
पन सायेब म्हने, मुदत सरली.
```

यंत्राची मूळ प्रत तपासणीनंतर टाकून देऊ नये. संशोधकाने काय बदलले आणि कशाच्या आधारे बदलले, हे तिच्याशी तुलना केल्यानेच दुसऱ्या अभ्यासकाला पडताळता येते. ध्वनी अस्पष्ट असेल तेथे अंदाजाने शब्द न घालता ‘[अस्पष्ट]’ अशी खूण करावी. यंत्राला अशी खूण करण्याची सवय नसते. ते तशा जागीही पुष्कळदा काही ना काही लिहिते. एखादी जागा ऐकू आली नाही असे नोंदविणे, हे संशोधित प्रत आणि यंत्रलिखित प्रत ह्यांतील सर्वांत सहज ओळखता येणारे अंतर होय.